सिलिकॉनची दूधबाटली फोटोत मळकट दिसत होती, त्यावरचा उपाय

फिकट गुलाबी पार्श्वभूमीवर बाटली करडी दिसत होती, कडा विरघळत होत्या आणि मापाच्या रेषा गायब. दिवा कमी पडतोय असं वाटतं, पण दोष दिव्याच्या जागेचा होता. सिलिकॉन अर्धपारदर्शक असतं. समोरून टाकलेला प्रकाश आत शिरून विखुरतो, सावली उरत नाही आणि उठावाच्या रेषा सपाट होतात.

सॉफ्टबॉक्स, म्हणजे मऊ उजेड देणारा दिवा, बाटलीच्या मागे, एका बाजूला नेला आणि समोर पांढरा फोमबोर्ड ठेवला. तिरप्या उजेडात रेषा लगेच उठल्या. दोन्ही बाजूंना फ्रेमच्या जेमतेम बाहेर काळ्या कागदाच्या पट्ट्या उभ्या केल्या, की कडेला बारीक गडद रेघ येते. गुलाबी कागद बाटलीपासून साधारण मीटरभर मागे सरकवला, कारण जवळ असला की त्याचा रंग बाटलीवर चढतो. रंग खरे यावेत म्हणून बाटलीच्याच जागी ग्रे कार्ड, म्हणजे करड्या रंगाचं कार्ड, धरून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स घेतला.

धुळीचा वैताग वेगळाच. कापडाने पुसलं की तंतू आणखी चिकटतात. साबणाने धुवून हवेत वाळवा, मग हातमोजे घालूनच उचला.

दूध १२० मिलीच्या रेषेपर्यंत भरलं, तर कॅमेरा त्याच रेषेच्या उंचीवर हवा; वरून घेतला तर माप चुकीचं वाचलं जातं. हातात धरलेल्या फोटोत मऊ बाटली दाबली जाते आणि पातळी वर चढते, म्हणून फक्त कॉलरला, म्हणजे तोंडाभोवतीच्या कड्याला धरायचं. एडिटिंगमध्ये धूळ काढावी, साच्याचा जोड मात्र राहू द्यावा, तो खऱ्या बाटलीवरही असतोच.