पीपीटीवरून सेमिनार रिपोर्ट कसा लिहावा

सेमिनार झाला की सिनियर हमखास सांगतात, "पीपीटी वर्डमध्ये टाक, चित्रं मोठी कर, स्पेसिंग वाढव, पंचवीस पानं आरामात होतात." होतात खरी. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला मीही तेच केलं होतं. गाइडनी प्रत्येक पानाच्या समासात लाल पेनने "मग?" एवढंच लिहून गठ्ठा परत दिला.

सेमिनारच्याच संध्याकाळी विचारलेले सगळे प्रश्न लिहून काढा. दोन दिवसांनी आठवत नाहीत, आणि रिपोर्टमधल्या खाचा नेमक्या त्याच प्रश्नांत सापडतात.

मग अठरा-वीस स्लाइडची चार-पाच प्रकरणं पाडा. प्रत्येक स्लाइडचं शीर्षक म्हणजे नवं प्रकरण नव्हे.

आता खरी गोची. स्लाइडवर फक्त मुद्दे असतात. "कारण", "म्हणून", "तरीही" हे शब्द आपण वर्गात तोंडाने म्हणतो. फाइलमध्ये ते नसतातच. मुद्द्यांना क्रियापदं चिकटवून वाक्यं केली तरी परिच्छेद होत नाही, मुद्द्यांची रांगच राहते.

माझा विषय कोयना धरण आणि १९६७चा भूकंप. एका स्लाइडवर चार ओळी होत्या: धरणाची उंची १०३ मीटर, भूकंप ११ डिसेंबर १९६७, डिझाइन ०.०५ व नोंद ०.४९ जी, वरच्या भागात आडव्या भेगा. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं, "धरणाची उंची १०३ मीटर आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी भूकंप झाला. डिझाइन ०.०५ होते व नोंद ०.४९ जी झाली. वरच्या भागात भेगा पडल्या." एकही वाक्य चूक नाही, पण भेगा वरच का, तळाशी का नाहीत, हे कुठेच कळत नाही.

त्याहून वाईट म्हणजे शेजारी ठेवलेले दोन आकडे नसलेला संबंध सुचवतात. मी पुढे बिनधास्त "दहापट धक्का बसला" असंही लिहून टाकलं होतं. ०.०५ हा हिशेबासाठी धरलेला स्थिर गुणांक, तर ०.४९ जी हे धरणाच्या गॅलरीतल्या यंत्राने प्रवाहाच्या दिशेत क्षणभर टिपलेलं कमाल त्वरण. दोन्हींचा सरळ भागाकार करता येत नाही. वर्गात एका मुलीने हेच विचारलं होतं आणि मी हसून वेळ मारून नेली होती. रिपोर्टमध्ये ती सोय नाही.

यावर मला लागू पडलेला एकच उपाय सांगतो. लॅपटॉप बंद करा, फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि ती एक स्लाइड वेगळ्या शाखेच्या मित्राला समजावून सांगा. तो जिथे "म्हणजे?" म्हणेल तिथे परिच्छेदातलं एक वाक्य कमी आहे. मग ऐकत ऐकत लिहा. माझा परिच्छेद असा झाला:

"डिझाइन करताना भूकंपाचे बल ०.०५ या गुणांकाने, पूर्ण उंचीवर सारखेच धरले होते. प्रत्यक्षात धरण हलते तेव्हा माथ्याकडे हालचाल वाढत जाते, त्यामुळे वरच्या भागावरचा ताण या हिशेबात कमी दिसतो. त्यातच प्रवाहाच्या खालच्या बाजूचा उतार धरणाच्या वरच्या भागात एके ठिकाणी अचानक बदलतो आणि ताण तिथे एकवटतो. काँक्रीट ताणात दुबळे असते, म्हणून आडव्या भेगा त्या पातळीच्या आसपास पडल्या."

१०३ मीटर या परिच्छेदात आलंच नाही, कारण त्याचं इथे काम नव्हतं. उंची धरणाच्या वर्णनात गेली. स्लाइडवरचा प्रत्येक मुद्दा त्याच जागी उतरला पाहिजे असा हट्ट धरू नका.

आकड्यांबद्दल एक इशारा. या भूकंपाची तीव्रता कुठे ६.३ दिली आहे, कुठे ६.५. स्लाइडवर एक आकडा टाकला तरी चालून जातं. रिपोर्टमध्ये तो कोणाचा हे त्याच वाक्याशी संदर्भ क्रमांक देऊन सांगावं लागतं. शेवटच्या पानावर दहा लिंकांची यादी चिकटवणं म्हणजे संदर्भ देणं नव्हे. दोन प्रकरणांत दोन वेगळे आकडे आले, तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

चित्रं कमी ठेवा. ज्या आकृतीचा क्रमांक मजकुरात एकदाही येत नाही ती काढून टाका. गडद पार्श्वभूमीच्या स्लाइडचा स्क्रीनशॉट तर टाकूच नका. झेरॉक्समध्ये काळा ठोकळा येतो. धरणाचा छेद मी शेवटी पेन्सिलने कागदावर काढून स्कॅन केला, आणि तोंडी परीक्षेत परीक्षकांनी त्याच पानावर बोट ठेवून उतार कुठे बदलतो ते विचारलं.

प्रस्तावना आणि सारांश सगळ्यात शेवटी लिहा. समास, फॉन्ट, सर्टिफिकेटचा नमुना विभागाकडून घ्या. स्पायरल बाइंडिंग मात्र गाइडची सही झाल्यावरच.