आजी-आजोबांच्या आठवणी रेकॉर्ड करताय? प्रश्न विचारताना या चुका टाळा

घरच्या वडीलधाऱ्यांचं रेकॉर्डिंग करून बरेच जण ते माझ्याकडे ऐकायला देतात. आवाज स्वच्छ असतो, आजोबा बोलायला तयार असतात, तरी तासाभराच्या फायलीत हाती लागतं ते थोडंच. दोष बहुतेक वेळा प्रश्नांचा असतो, आणि चुका त्याच त्या असतात.

अख्खं आयुष्य एका प्रश्नात मागू नका

"आजी, तुझ्या लहानपणाबद्दल सांग ना." नव्वद टक्के मुलाखती इथूनच सुरू होत असाव्यात असं मला वाटतं. उत्तरही ठरलेलं: "काय सांगू, परिस्थिती बेताची होती, पण सुखात होतो." हे वाक्य आजीने आजवर अनेकांना सांगितलेलं असतं, त्यामुळे ते तोंडात तयार असतं. त्यापलीकडचं आठवायला तिला पाय टेकायला जागा लागते, आणि 'लहानपण' ही जागा नाही. घर ही जागा आहे.

म्हणून मी नेहमी घरापासून सुरुवात करते. "तू लहान असताना ज्या घरात राहायचीस, त्याचं दार उघडून आत आलं की समोर काय दिसायचं?" मग उजवीकडे काय, डावीकडे काय, उजेड कुठून यायचा. आणि त्यानंतर माझा सगळ्यात आवडता प्रश्न: "रात्री कोण कुठे झोपायचं?" या एका प्रश्नात घरातली सगळी माणसं येतात. पलंग कोणाला मिळायचा, आजारी माणूस कुठे असायचा, कोणाची जागा कधी रिकामी झाली, हे न विचारता बाहेर येतं. "सकाळी जाग आली की पहिला आवाज कशाचा यायचा?" हाही असाच प्रश्न. उत्तर छोटं आलं तरी त्याच्या मागून माणूस येतो.

आजीच्या हातात कागद-पेन्सिल द्या आणि घराचा नकाशा काढायला सांगा. रेषा वाकड्या आल्या तरी चालतील. फक्त एक सांभाळा: ती बोट ठेवून "हे इथे होतं" म्हणाली, की तुम्ही हळूच म्हणा, "म्हणजे स्वयंपाकघराच्या मागे?" रेकॉर्डरला बोट दिसत नाही.

घराभोवती फिरून झालं की पुढे पहिली कमाई, पहिल्यांदा एकटीने केलेला प्रवास, लग्नानंतरचं पहिलं घर. साधारण दहा ते तिशीपर्यंतच्या वयातल्या आठवणी म्हातारपणी जास्त दाट असतात, तिथे वेळ द्या.

शांतता तोडू नका

ही चूक ऐकली की मला खरंच वाईट वाटतं, कारण गेलेलं उत्तर बहुधा परत येत नाही. एका मुलीने तिच्या आजीचं रेकॉर्डिंग मला दिलं होतं. प्रश्न चांगला होता: "शाळा सुटली ते कसं झालं?" आजी थांबली. घड्याळ लावून पाहिलं तर ती शांतता जेमतेम चार सेकंदांची आहे. तेवढ्यात नात म्हणाली, "वडिलांनीच काढलं ना तुला?" आजी म्हणाली, "हो, तसंच." विषय संपला.

मी तिला सांगितलं, काही दिवस जाऊ दे आणि पुन्हा विचार, पण 'का' आणि 'कोणी' दोन्ही वगळून. तिने विचारलं, "शाळेच्या शेवटच्या दिवशी घरी कशी आलीस?" आणि गप्प बसली. आजी बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, एकटीच आले, पुस्तकं मैत्रिणीला देऊन आले. धाकटा भाऊ आजारी होता, आई कामाला जायची, घरी कोणीतरी हवं होतं. वडील तर मास्तरांकडे जाऊन नाव काढू नका म्हणून सांगून आले होते. म्हणजे पहिल्या रेकॉर्डिंगमधली गोष्ट उलटी होती, आणि ती आजीने नव्हे, नातीने रचली होती. म्हातारी माणसं वाद नको म्हणून 'हो' म्हणतात. प्रश्नात उत्तर घातलंत तर तुमचंच उत्तर परत मिळतं.

माझी सवय अशी: प्रश्न विचारला की मनात सावकाश दहापर्यंत मोजायचं, नजर त्यांच्या चेहऱ्यावर रोखून न ठेवता हातांकडे ठेवायची. उत्तर संपलं असं वाटलं तरी पुन्हा पाचपर्यंत. दुसरं वाक्य बहुतेक तिथेच येतं. दाद द्यायची ती मान हलवून. तुमचं "हो हो, अच्छा" नेमकं त्यांच्या शब्दांवर पडतं. ज्यांना घाई आहे त्यांनी हे काम हातात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सालावरून अडवू नका

"नक्की बासष्ट की त्रेसष्ट?" असं विचारलं की आजोबा गोष्ट सोडून हिशेबात शिरतात आणि परत येत नाहीत. साल प्रसंगावरून काढा. "तेव्हा काका जन्मला होता का?" "हो, रांगत होता." काकांचा जन्म मार्च 1964 चा असेल, तर मूल साधारण सात ते दहा महिन्यांचं असताना रांगतं, म्हणजे प्रसंग 1964 च्या शेवटाचा किंवा 1965 च्या सुरुवातीचा. हा हिशेब नंतर वहीत करा. चुकीचं साल सांगितलं तरी तिथल्या तिथे दुरुस्त करू नका.

थोडक्यात सांगण्यासारख्या

"का केलंत?" विचारलं की जाब विचारल्यासारखं वाटतं, "ते कसं ठरलं?" विचारा.

एका दमात दोन प्रश्न विचारले तर सोप्याचंच उत्तर मिळतं.

घरी आजीला 'तू' म्हणत असाल तर रेकॉर्डर लावल्यावर 'आपण' सुरू करू नका. 'अविस्मरणीय प्रसंग कथन करा' असला प्रश्न कागदावर बरा दिसतो, तोंडाने विचारता येत नाही. प्रश्न आधी स्वतःशी मोठ्याने म्हणून बघा.

नेटवरची पन्नास प्रश्नांची यादी समोर धरून एकेक खूण करत जाणं मला मुळीच पटत नाही. पाच-सहा प्रश्न पुरतात, बाकीचे त्यांच्या उत्तरातून निघतात. शेवटचा शब्द उचला: "मैत्रिणीला दिलीस? कोण होती ती?"

कमी ऐकू येत असेल तर ओरडू नका. समोर, उजेडात बसा आणि खालच्या पट्टीत, सावकाश बोला.

फोन विमान मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन त्यांच्यापासून हातभर अंतरावर मऊ कापडावर ठेवा आणि अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ऐकून घ्या. सुरुवातीला नाव, तारीख आणि ठिकाण तुम्हीच बोला.

दुखरी जागा आणि शेवट

मृत्यू, भांडण, तुटलेली नाती यांवर थेट जाऊ नका. "यावर बोलायचं नसेल तर पुढे जाऊ" हे आधीच सांगा, आणि बंद कर म्हटलं की लगेच बंद करा. लपवून केलेलं रेकॉर्डिंग मी ऐकतसुद्धा नाही. तासाभराने उत्तरं आखूड व्हायला लागली किंवा तीच गोष्ट परत यायला लागली, की त्या दिवसापुरतं थांबा.

उठण्याआधी एक प्रश्न मात्र विचारा: "मी विचारलं नाही, पण सांगायचं होतं असं काही राहिलं का?" आणि रेकॉर्डर चालू आहे हे त्यांना माहीत असू द्या, कारण "नाही, झालं सगळं" म्हटल्यानंतर पुष्कळदा खरी गोष्ट सुरू होते. त्याच दिवशी फायलीला नाव आणि तारीख द्या, दुसऱ्या ठिकाणी एक प्रत ठेवा, आणि घराच्या नकाशाच्या कागदावर मागे तीच तारीख लिहा.