छायाचित्रातील आकृती वाचून प्रश्न सोडवण्याची तयारी : रिस्ट्रिक्शन एन्झाइम, प्लास्मिड आणि पीसीआर

पुस्तकातील किंवा प्रश्नपत्रिकेतील आकृतीचे मोबाइलवर काढलेले छायाचित्र समोर असते तेव्हा चूक बहुधा ज्ञानाच्या अभावाने होत नाही, तर आकृतीतील बारीक खुणा पुसल्या गेल्याने होते. त्यामुळे तयारीचा पहिला भाग विषयाचा नसून कागदाचा आहे: कोणताही पर्याय वाचण्यापूर्वी आकृती स्वतःच्या हाताने कोऱ्या कागदावर उतरवावी आणि प्रत्येक डीएनए धाग्याच्या दोन्ही टोकांवर 5' आणि 3' लिहावे. ही 5' व 3' वरील बारीक रेघ छायाचित्रात सर्वांत आधी नाहीशी होते, आणि तिच्यावाचून पुढचे जवळजवळ सगळे प्रश्न दोन्ही बाजूंनी वाचता येतात. एका टोकावरची खूण स्पष्ट असेल तर उरलेली तीन टोके आपोआप ठरतात, कारण दोन्ही धागे विरुद्ध दिशांना धावतात. एकही खूण दिसत नसेल, तर छेदनस्थळाचा क्रम ओळखून दिशा शोधावी लागते.

छेदनस्थळाची खात्री करण्याची पद्धत एकाच उदाहरणावर घोटून ठेवावी. इको-आर-वन ओळखतो तो क्रम वरच्या धाग्यावर असा असतो:

```
5'-G^AATTC-3'
3'-CTTAA^G-5'
```

वरचा धागा डावीकडून उजवीकडे आणि खालचा उजवीकडून डावीकडे, म्हणजे दोन्ही 5' पासून 3' कडे वाचले, की तेच सहा अक्षर मिळतात: GAATTC. छायाचित्रातील एखादे अक्षर अंधूक असेल, C आहे की G असा संशय असेल, तर समोरच्या धाग्यावरील जोडी पाहावी आणि मग हा पॅलिन्ड्रोम जुळतो का ते तपासावे. दोन्ही कसोट्या उतरल्या तर अक्षर नक्की झाले. छेदाचा छोटा त्रिकोण किंवा बाण एकाच धाग्यावर दिसत असेल तरी अडत नाही, कारण वर पहिल्या G नंतर छेद होत असेल तर खालीही 5' कडून मोजल्यावर पहिल्या G नंतरच होतो. यातून दोन्ही तुकड्यांवर AATT हे चार बेसचे चिकट टोक 5' बाजूने बाहेर राहते.

इथे थोडे थांबून एक विरुद्ध उदाहरण जवळ ठेवावे, कारण बाहेर आलेले टोक नेहमी 5' चेच असते असा समज पक्का बसलेला असतो. पी-एस-टी-वन CTGCA^G असा शेवटच्या G च्या आधी छेद करतो, त्यामुळे त्याचे टोक 3' बाजूने बाहेर येते. दोन्ही तुकड्यांची आकृती एकमेकींशेजारी दिली तर चिकट टोकांचा आकार सारखाच दिसतो. बाहेर आलेला भाग वरच्या धाग्याचा की खालच्या, आणि त्याच्या टोकाला 5' लिहिले आहे की 3', एवढ्यावरच निर्णय होतो. एसएमए-वन CCC^GGG मध्ये मधोमध छेद करतो, त्यामुळे त्याची टोके बोथट, म्हणजे काहीही बाहेर न आलेली असतात. आणखी एक गोष्ट सवयीने करावी: बॅम-एच-वन G^GATCC आणि बीजीएल-टू A^GATCT यांची टोके एकच GATC असल्याने ती एकमेकांना जोडली जातात, परंतु जोडावर GGATCT हा क्रम तयार होतो आणि तो या दोघांपैकी कोणालाच पुन्हा कापता येत नाही. जोड कागदावर लिहून पाहिल्याशिवाय हे लक्षात येणे अवघड आहे.

यानंतर प्लास्मिडचा नकाशा, आणि तयारीचा सर्वाधिक वेळ त्यावर द्यावा. पीबीआर ३२२ हा ४३६१ बेसजोड्यांचा वर्तुळाकार डीएनए आहे आणि त्यावर अँपिसिलिन व टेट्रासायक्लिन या दोन प्रतिजैविकांना रोध देणारी जनुके, प्रतिकृतीचा आरंभबिंदू आणि प्रतींची संख्या नियंत्रित करण्यात भाग घेणारे रॉप हे जनुक असते. छायाचित्र आडवे किंवा तिरके आलेले असते, म्हणून घड्याळाच्या काट्यांवरून जागा पाठ करण्याचा उपयोग नाही. पाठ करायचा तो वर्तुळावर एका दिशेने येणारा क्रम. इको-आर-वनपासून निघाले की क्लॅ-वन, हिंड-थ्री, बॅम-एच-वन, साल-वन, मग रॉपमध्ये पीव्हीयू-टू, त्यानंतर आरंभबिंदू, मग पी-एस-टी-वन आणि पीव्हीयू-वन, आणि पुन्हा इको-आर-वन. बॅम-एच-वन व साल-वन टेट्रासायक्लिनच्या जनुकात, तर पी-एस-टी-वन व पीव्हीयू-वन अँपिसिलिनच्या जनुकात आहेत. इको-आर-वनचे स्थळ दोन्ही जनुकांच्या बाहेर, त्यांच्या मधल्या जागेत आहे.

या क्रमाचा खरा उपयोग रोमन आकड्यांच्या वेळी कळतो. नकाशावर PvuI आणि PvuII अशी दोन नावे छापलेली असतात आणि अंधूक छायाचित्रात एक उभी रेघ सहज गळते. मी स्वतः सरावात एकदा रॉपजवळचे नाव PvuI म्हणून वाचले, त्यावरून अँपिसिलिन जनुक बंद पडेल असा निष्कर्ष काढला आणि उत्तर चुकले. नावावर विश्वास न ठेवता शेजारी पाहावे: साल-वन आणि आरंभबिंदू यांच्यामध्ये जे आहे ते पीव्हीयू-टू, आणि पी-एस-टी-वनच्या लगत, अँपिसिलिन जनुकात, जे आहे ते पीव्हीयू-वन. हिंड-थ्रीबाबतही हीच खबरदारी घ्यावी. त्याचे स्थळ टेट्रासायक्लिन जनुकाच्या चौकटीच्या किंचित बाहेर दाखवलेले असते, परंतु ते त्या जनुकाच्या प्रवर्तकात पडते, त्यामुळे तेथे तुकडा घातल्यास टेट्रासायक्लिनचा रोध सहसा जातो. केवळ चौकटीकडे पाहून उत्तर देणारा येथे फसतो.

आता एक प्रश्न पूर्ण सोडवून पाहावा. बॅम-एच-वनने कापलेल्या पीबीआर ३२२ मध्ये परका तुकडा जोडला, मिश्रण जिवाणूंमध्ये सोडले, अँपिसिलिनच्या माध्यमावर सहा वसाहती मिळाल्या, आणि त्यांचा ठसा मखमली कापडाने उचलून टेट्रासायक्लिनच्या माध्यमावर उमटवला. छायाचित्रात दोन थाळ्या दिसतात. पहिलीत १ ते ६ वसाहती, दुसरीत १, २, ४ आणि ५ च्या जागी वाढ. प्लास्मिड न मिळालेले जिवाणू पहिल्या थाळीवरच मरतात, म्हणून सहाही वसाहतींत प्लास्मिड आहे. तुकडा न घेता प्लास्मिड स्वतःच्याच टोकांनी परत मिटले असेल तर दोन्ही रोध शाबूत राहतात, म्हणून १, २, ४ आणि ५ ही तशी प्लास्मिडे धरावीत. तुकडा बसल्याने टेट्रासायक्लिन जनुक तुटलेल्या वसाहती ३ आणि ६, आणि निवडायच्या असल्यास त्या पहिल्या थाळीवरूनच उचलाव्या लागतात, कारण दुसरीवर त्या नाहीतच. हा शेवटचा मुद्दा पर्यायांमध्ये हटकून विचारला जातो. दोन थाळ्यांची छायाचित्रे एकमेकींच्या तुलनेत फिरलेली असू शकतात, म्हणून थाळीच्या काठावरची खूण आधी जुळवावी आणि मगच वसाहती मोजाव्यात. हाच प्रयोग इको-आर-वनने केला असता तर सर्व सहा वसाहती दोन्ही थाळ्यांवर वाढल्या असत्या आणि या पद्धतीने निवड करताच आली नसती.

तुकड्यांच्या लांबीच्या प्रश्नासाठी वर्तुळावर नेमकी स्थाने दिलेली असतात. बॅम-एच-वन ३७५ वर आणि पी-एस-टी-वन ३६०७ वर छेद करतात असे दिले असेल, तर एक तुकडा ३६०७ उणे ३७५ म्हणजे ३२३२, आणि दुसरा ४३६१ उणे ३२३२ म्हणजे ११२९ बेसजोड्यांचा. वर्तुळावर दोन छेद दिले की दोनच तुकडे होतात, तर सरळ डीएनएवर दोन छेदांनी तीन होतात. छायाचित्रात वर्तुळाचा तळ कापला गेला असेल तर आकृती सरळ डीएनएची वाटू शकते, म्हणून बेरीज एकूण लांबीइतकी येते का ते पाहावे.

पीसीआरच्या तीन पायऱ्या तापमानाच्या आलेखावर ओळखणे सोपे आहे. अक्षावरचे आकडे कापले गेले तरी सर्वांत उंच पायरी डीएनएचे धागे विलग करण्याची, सुमारे ९४ ते ९५ अंशांची. सर्वांत खालची प्रायमर जोडण्याची, सहसा ५० ते ६० अंशांची. आणि मधली, ७२ अंशांची, टॅक पॉलिमरेजने धागा वाढवण्याची.

अवघड प्रश्न प्रायमरचा असतो. समजा आकृतीत एकच धागा दिला आहे:

```
5'-ATGCCTGA ... GGCTTACA-3'
```

पहिला प्रायमर या धाग्याच्या डाव्या टोकासारखाच, 5'-ATGCCTGA-3', कारण तो समोरच्या पूरक धाग्याला बसतो. दुसरा प्रायमर या धाग्याच्या उजव्या टोकाला बसतो. GGCTTACA ला पूरक अक्षरे क्रमाने CCGAATGT अशी येतात, परंतु ती 3' पासून 5' कडे लिहिलेली आहेत, म्हणून योग्य लेखन 5'-TGTAAGCC-3'. पर्यायांत 5'-CCGAATGT-3' बहुतेक वेळा असतोच, आणि तो दिशा न लिहिणाऱ्यासाठीच ठेवलेला असतो. आकृतीत दोन्ही प्रायमरचे बाण 3' टोकाकडून पुढे जातात आणि एकमेकांकडे तोंड करून असतात. छायाचित्रात बाणाचे टोक दिसत नसेल आणि दोघे बाहेरच्या बाजूला वाढत आहेत असे आपण काढले असेल, तर आपले वाचन चुकले आहे, कारण तशाने मधला भाग कधीच भरून येणार नाही.

चक्रांच्या प्रश्नात दोन निराळ्या संख्या विचारल्या जातात आणि त्या वेगळ्या ठेवाव्यात. एका द्विधागी रेणूपासून सुरुवात केली तर n चक्रांनंतर एकूण रेणू 2^n, पण ज्यांचे दोन्ही धागे दोन प्रायमरांच्या मर्यादेत नेमके बसतात असे रेणू 2^n - 2n. पहिल्या दोन चक्रांत असा एकही रेणू नसतो, तिसऱ्यानंतर आठांपैकी दोन असतात, म्हणून तीन चक्रांची आकृती दिली असेल तर शेवटच्या ओळीतील आठ जोड्यांपैकी कोणत्या दोघींची दोन्ही टोके सरळ संपतात ते बोट ठेवून मोजावे. छायाचित्रात लांब धाग्यांची लोंबती टोके कडेला कापली गेली तर आठही जोड्या सारख्या दिसतात. अशा वेळी मोजणी सोडून सूत्र वापरावे.