इंटरव्ह्यूआधी जुन्या पोस्ट आवरताना

कॅम्पस इंटरव्ह्यूची तारीख लागली की आधी स्वतःचं नाव शोधायचं, तेही इन्कॉग्निटोमध्ये. लॉगइन असताना पाहिलेलं धरू नका, कारण परक्याला काय दिसतं तेच बघायचंय. नाव देवनागरीत टाका, इंग्रजीत टाका, शाळेच्या नावासोबत टाका. माझ्या मावसबहिणीने, तन्वीने, नावापुढे ‘नागपूर’ लिहिलं आणि दहावीतली फेसबुक पोस्ट वर आली. सीताबर्डीच्या ट्युशनच्या सरांवर भडकून लिहिलेली, पब्लिक. जे जे सापडेल त्याची लिंक वहीत किंवा फोनमध्ये उतरवून ठेवा. ही लिंक पुढे लागतेच लागते.

मग फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये `Limit Past Posts` शोधा. त्याने पब्लिक आणि मित्रांच्या मित्रांना दिसणाऱ्या सगळ्या जुन्या पोस्ट एका झटक्यात फक्त मित्रांपुरत्या होतात. पण एका झटक्यात परत फिरवता येत नाहीत, एकेक करून बदलाव्या लागतात. म्हणून एखादी पोस्ट पब्लिकच हवी असेल तर आधीच ठरवा. ज्यांना टॅग केलंय त्यांना आणि त्यांच्या मित्रांना ती तरीही दिसू शकते. तन्वीने त्यात वर्गातल्या मैत्रिणींना टॅग केलं होतं, त्यामुळे ती पोस्ट सरळ डिलीटच केली.

आता खरं काम: गूगल. पोस्ट गेली तरी शोधात तिच्या दोन ओळी तशाच दिसतात. ‘‘ताई, मी तर उडवली ना, मग सरांचं नाव अजून कसं येतंय?’’ कारण गूगलने पान आधी वाचून ठेवलेलं असतं, ते पुन्हा वाचेपर्यंत जुनंच दाखवतं. त्यासाठी गूगलचं `Refresh Outdated Content` पान उघडा, उतरवलेली लिंक टाका. पान उरलंच नसेल तर तेवढं पुरतं. पान आहे पण मजकूर बदललाय, तर जुन्या ओळींतला, आता पानावर नसलेला एखादा शब्द द्यावा लागतो. तन्वीची पोस्टच गेली होती, तिला शब्द लागला नाही. क्रम चुकवू नका: पोस्ट आवरायच्या आधी अर्ज केलात तर मजकूर अजून जागेवरच आहे म्हणून तो नाकारला जातो. आणि अर्ज करून विसरू नका. मंजूर की नामंजूर, ते तिथेच दिसतं. नामंजूर असेल तर लिंक तपासून पुन्हा टाका. गूगलचं काम झाल्याशिवाय आवरलं म्हणू नका.

बाकी थोडक्यात. सर्च इंजिनला प्रोफाइलची लिंक देऊ का, असा प्रश्न फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये असतो, तिथे नाही करा. दुसऱ्यांच्या पब्लिक पोस्टखालच्या तुमच्या कमेंट `Limit Past Posts` मध्ये येत नाहीत, त्या `Activity Log` मधून हाताने काढा. इन्स्टाग्राम प्रायव्हेट. कोणी काढलेला स्क्रीनशॉट यातल्या कशानेच पुसला जात नाही. चार-पाच दिवसांनी इन्कॉग्निटोमध्ये तेच शोध पुन्हा, गूगलवर.