जार टेस्ट: तुरटी घालण्याआधी अल्कलिनिटी मोजा

गढूळ पाणी निवळायला किती तुरटी लागते ते शोधायची जार टेस्ट एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंगच्या प्रॅक्टिकलमध्ये सगळ्यांनाच सोपी वाटते. सहा बीकर, सहा पाती, थोडी तुरटी, अर्धापाऊण तासाचं काम, आलेख काढला की जर्नल पूर्ण. शिकत असताना मीही ती तशीच उरकली. पुढे जलशुद्धीकरण केंद्रावर नोकरीला लागल्यावर पावसाळ्यात रोज सकाळी तीच टेस्ट करायची वेळ आली, तेव्हा तिच्यात बघण्यासारखं किती आहे ते कळलं. आता ज्युनिअर मुलं प्रॅक्टिकलच्या आधी विचारायला येतात. त्यांना जे सांगतो ते इथे लिहितो.

आधी तुरटीबद्दल. किराणा दुकानात मिळणारी, दाढीनंतर लावतात ती पारदर्शक खड्याची तुरटी म्हणजे पोटॅश ॲलम. केंद्रावर लाद्यांच्या रूपात येतं ते फिल्टर ॲलम, म्हणजे ॲल्युमिनियम सल्फेट. पाणी निवळण्याचं काम दोन्हींतलं ॲल्युमिनियमच करतं, पण दोन्हींत ते सारखं नसतं. पोटॅश ॲलमचा रेणुभार ४७४ आणि त्यात ॲल्युमिनियमचा एक अणू. १८ पाण्याच्या रेणूंसह धरलेल्या ॲल्युमिनियम सल्फेटचा रेणुभार ६६६ आणि त्यात दोन अणू. म्हणजे १० मिलिग्रॅम पोटॅश ॲलममधून साधारण ०.५७ मिलिग्रॅम ॲल्युमिनियम मिळतं, तर तेवढ्याच फिल्टर ॲलममधून ०.८१. शेजारच्या बॅचचा डोस ३० आणि तुमचा ४२ आला तर आधी बाटलीवरचं लेबल वाचा. पुढचे सगळे आकडे फिल्टर ॲलमचे आहेत.

स्टॉक सोल्युशनचा हिशेब सरळ ठेवायचा. १० ग्रॅम ॲलम डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून एक लिटर करा. या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम ॲलम असतं. बीकरमध्ये एक लिटर पाणी असेल तर १ मिलि टाकलं की डोस १० मिलिग्रॅम प्रति लिटर, ३ मिलि टाकलं की ३०. बीकर अर्ध्या लिटरचा असेल तर तेवढ्याच मिलिलिटरला डोस दुप्पट धरायचा. घाईत हे हमखास विसरलं जातं. स्टॉक त्याच दिवशी बनवा, कारण पातळ द्रावण पडून राहिलं की त्यातलं ॲलम बाटलीतच हायड्रोलाइझ व्हायला लागतं.

आता प्रत्यक्ष एक सेट बघू. पावसाळ्यातलं नदीचं पाणी: टर्बिडिटी १४० एनटीयू, पीएच ७.८, अल्कलिनिटी १२० मिलिग्रॅम प्रति लिटर (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात). सहा बीकरमध्ये डोस ०, १०, २०, ३०, ४० आणि ५०. शून्याचा बीकर ठेवायचाच. बरेच जण तो वाया गेला असं समजतात, पण काही न घालता किती गाळ नुसता आपोआप बसतो हे तोच सांगतो.

पाती मिनिटाला १०० फेऱ्यांवर सुरू करा आणि सगळ्या बीकरमध्ये ॲलम एकाच वेळी टाका. एकच पिपेट घेऊन एकामागून एक टाकत गेलात तर शेवटच्या बीकरपर्यंत पोचेस्तोवर पहिल्याचं फ्लॅश मिक्सिंग संपत आलेलं असतं. ॲलम पाण्यात पडल्यावर त्याची खरी रासायनिक क्रिया काही सेकंदांतच उरकते, त्यामुळे हा फरक किरकोळ नाही. डोस आधीच छोट्या सिरिंजमध्ये मोजून ठेवा आणि बॅचमधल्या प्रत्येकाच्या हातात एकेक द्या. काचेच्या कडेने ओघळू देऊ नका, पात्याजवळ सोडा. एका मिनिटाने वेग ३० फेऱ्यांवर आणा आणि १५ ते २० मिनिटं तसाच चालू ठेवा.

ही वीस मिनिटं मोबाइल बघण्याची नाहीत. कोणत्या बीकरमध्ये पहिला फ्लॉक, म्हणजे कण चिकटून झालेला पुंजका, किती मिनिटांनी दिसला, तो टाचणीच्या डोक्याएवढा झाला की पिंजलेल्या कापसासारखा मोठा, हे लिहून ठेवा. वरच्या सेटमध्ये ३० आणि ४० च्या बीकरमध्ये कण लवकर दिसायला लागले. १० च्या बीकरमध्ये शेवटपर्यंत नुसती धूसर पांढुरकी झाक होती. तयार झालेले फ्लॉक नंतर फुटून बारीक होताना दिसले तर वेग जास्त आहे असं समजा.

पाती थांबवून अलगद वर घ्या आणि २० ते ३० मिनिटं पाणी हलवू नका. मग प्रत्येक बीकरमधून पृष्ठभागाखाली दोन-तीन सेंटिमीटरवरून पिपेटने पाणी काढून नेफेलोमीटरवर वाचा. खोली सगळीकडे एकच हवी. बीकर तिरका करून ओतलंत तर बसलेला गाळ पुन्हा वर येतो आणि तासाभराची मेहनत पाण्यात.

या सेटची रीडिंग अशी: शून्य डोसला ११८, १० ला ७४, २० ला २३, ३० ला ७, ४० ला ५ आणि ५० ला ४.८ एनटीयू.

व्हायवात विचारतात, ऑप्टिमम डोस किती? सगळ्यात कमी टर्बिडिटी ५० ला आहे म्हणून ५० असं उत्तर मुलं देतात. मी ३० म्हणेन. २० वरून ३० ला गेल्यावर टर्बिडिटी २३ वरून ७ वर येते, पण ३० वरून ४० ला गेल्यावर फक्त दोन एनटीयू कमी होतात. दिवसाला एक कोटी लिटर पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात प्रति लिटर १० मिलिग्रॅम जादा म्हणजे रोज १०० किलो जादा ॲलम, आणि गाळही त्या प्रमाणात वाढतो. पुढे वाळूचा फिल्टर आहेच, ७ एनटीयूचं पाणी तो सहज गाळतो. वेळ असेल तर २२ ते ३२ च्या दरम्यान दोन-दोनच्या फरकाने दुसरा सेट लावा. वक्र नेमका कुठे वळतो ते तिथे कळतं.

पुस्तकातल्या आकृतीत डोस वाढवत गेल्यावर वक्र खाली येऊन पुन्हा वर चढतो. आपल्या आलेखात तो चढला नाही म्हणून आकडे 'जमवून' घेणारे मी पाहिले आहेत. तसं करू नका. कणांवरचा ऋण भार मारून पुढे धन भार चढला की कण पुन्हा एकमेकांना दूर लोटतात, हे खरं आहे. पण पीएच सातच्या आसपास असलेल्या, चांगल्या अल्कलिनिटीच्या पाण्यात जास्तीच्या ॲलमचं ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड होतं आणि त्याचा साका मातीच्या कणांना आपल्यात गुंतवून खाली नेतो. याला स्वीप फ्लॉक म्हणतात. अशा पाण्यात वक्र सपाट होत जाणं हेच बरोबर आहे.

आता मूळ मुद्दा, अल्कलिनिटी. नदी लांब असेल तर कॉलेजात माती कालवून गढूळ पाणी बनवतात. एका बॅचने काळ्या रानातली माती आणली, ढवळून रात्रभर ठेवली आणि वरचं पाणी घेतलं. इथवर उत्तम, कारण जड कण आधीच बसून गेले. पण माती कालवली होती डिस्टिल्ड वॉटरमध्ये, 'शुद्ध' म्हणून. सहाही बीकर गढूळच राहिले. डोस वाढवला तरी तेच. त्यांना वाटलं ॲलम जुनं आहे. पीएच बघायला सांगितला, तर ३० च्या बीकरमध्ये तो ४.५ च्या आसपास निघाला.

ॲलम पाण्यात गेलं की आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातलं बायकार्बोनेट खातं. हिशेब असा की १ मिलिग्रॅम ॲलम साधारण ०.४५ मिलिग्रॅम अल्कलिनिटी संपवतं. वरच्या नदीच्या पाण्यात ३० च्या डोसला १३.५ गेली, १०६ च्या वर उरली आणि पीएच ७.२ च्या जवळ राहिला. डिस्टिल्ड वॉटरमध्ये खायला बायकार्बोनेटच नाही, त्यामुळे पीएच कोसळतो. इतक्या आम्लधर्मी पाण्यात ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड बनतच नाही; ॲल्युमिनियम विरघळलेलंच राहतं. म्हणजे पाणी निवळत नाही, वर त्यात ॲल्युमिनियम उरतं ते वेगळं. भारतीय मानक १०५०० मध्ये पिण्याच्या पाण्यात ॲल्युमिनियमची स्वीकार्य मर्यादा ०.०३ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ०.२ पर्यंत चालतं.

त्या बॅचला तेच मातीचं पाणी परत घ्यायला लावलं आणि प्रत्येक लिटरमध्ये १०० मिलिग्रॅम सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खाण्याचा सोडा, आधी घालून ढवळायला सांगितलं. त्यातून सुमारे ६० अल्कलिनिटी मिळते. ३० चा डोस दिल्यावर पीएच ६.८ च्या आसपास राहिला आणि फ्लॉक दिसायला लागले. माती तीच, ॲलमची बाटलीही तीच. एरवी नळाचं पाणी वापरलं असतं तर सोड्याचीही गरज पडली नसती.

म्हणून बीकर फेल गेला की दोन शक्यता वेगळ्या करून बघायच्या. पीएच सात-साडेसात आहे आणि फ्लॉक नाही, तर डोस कमी आहे किंवा मिक्सिंग नीट झालेलं नाही. पीएच साडेपाचच्या खाली गेलाय, तर कितीही ॲलम ओता, उपयोग नाही; उलट अजून खाली जाईल. नुसत्या डोळ्यांना दोन्ही बीकर सारखेच गढूळ दिसतात, फरक पीएच मीटरच दाखवतो.

हे फक्त प्रयोगशाळेतलं संकट नाही. भर पावसात ओढ्या-नाल्यांचं पाणी मऊ असतं, अल्कलिनिटी कमी, आणि नेमकी तेव्हाच टर्बिडिटी जास्त असल्याने ॲलमही जास्त लागतं. समजा अल्कलिनिटी २५ आहे आणि डोस ५० हवा आहे. २२.५ अल्कलिनिटी ॲलमच खाणार, उरणार जेमतेम अडीच. अशा वेळी आधी चुना देतात. ५० ॲलमची पूर्ण भरपाई करायची तर भिजवलेला चुना साधारण १६ ते १७ मिलिग्रॅम प्रति लिटर लागतो, तोही शुद्ध धरून. बाजारातला तितका शुद्ध नसतो, म्हणून जार टेस्टचा दुसरा सेट ॲलमचा डोस कायम ठेवून चुन्याच्या वेगवेगळ्या डोसांवर लावायचा आणि प्रत्येक बीकरची टर्बिडिटी व पीएच दोन्ही लिहायची.

जर्नलच्या छापील तक्त्यात बहुतेक वेळा डोस आणि टर्बिडिटी एवढेच दोन रकाने असतात. शेजारी पेन्सिलने तीन रकाने आखून घ्या: पहिला फ्लॉक दिसल्याची वेळ, शेवटचा पीएच, उरलेली अल्कलिनिटी. परीक्षक व्हायवात पुढचे प्रश्न बहुधा तिथूनच काढतात.