बारावीनंतर कुठला कोर्स घ्यावा, हे नीट कसं विचारावं

"बारावी झाली, कुठला कोर्स घेऊ?" एवढंच विचारलंत तर समोरचा त्याच्या भाच्याने जे केलं तेच तुम्हाला सांगणार. त्यात त्याची चूक नाही. मार्क, आवड, पैसा आणि गाव यांपैकी काहीच त्याला कळलेलं नसतं.

मार्क लिहिताना बोर्डाचे टक्के आणि सीईटीचं पर्सेंटाइल वेगवेगळं लिहा. ७० पर्सेंटाइल म्हणजे ७० टक्के मार्क नव्हेत. गट (पीसीएम की पीसीबी) आणि प्रवर्गही लिहा.

आवड एका ओळीत पुरते, पण नावडही सांगा. "रक्त बघवत नाही" या तीन शब्दांनी नर्सिंग लगेच बाद होतं.

घोडं अडतं ते पैशापाशी. "परिस्थिती बेताची आहे" असं लिहू नका. त्यातून कुणी २० हजार समजतं, कुणी दोन लाख. वर्षाला फी, राहणं, मेस, प्रवास सगळं धरून किती झेपेल तो आकडा लिहा. त्याच्या शेजारी पैसा कोणत्या महिन्यात हातात येतो तेही लिहा. किनाऱ्यावर खरी गोम इथेच आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि प्रवेशाची धावपळ नेमकी त्याच सुमारास सुरू होते. आंबेवाल्यांचं उलट असतं. मे संपेपर्यंत हंगाम आटोपतो, पण जानेवारीत फीच्या दुसऱ्या हप्त्याला हात रिकामे. वर्षाचा आकडा बरोबर असूनही पहिल्याच हप्त्याला प्रवेश हुकतो तो यामुळे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे का, तेही सांगा, कारण महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या फीसवलती बऱ्याचदा त्यावर ठरतात. मात्र या सवलतीच्या भरवशावर मॅनेजमेंट कोट्यातली जागा घेऊ नका. सवलत कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या प्रवेशाला असते.

गाव लिहिताना एसटीने रोज जाऊन-येऊन जमेल का, ते सांगा. डोंबिवलीला काका आहेत आणि ते ठेवून घेतील, हेही लिहा. राहण्या-जेवणाचा खर्च वाचला की मुंबईचा हिशेबच बदलतो. पण काकूला आधी विचारा.

आता हाच प्रश्न असा होतो:

"मालवण तालुका. सायन्स, पीसीबी. बोर्ड ६४ टक्के, सीईटी ७१ पर्सेंटाइल, ओबीसी. प्राणिशास्त्र आवडतं, रक्त बघवत नाही. वर्षाला सगळं धरून ८० हजार. जुलैत हातात २५ हजार, बाकी ऑक्टोबरनंतर. उत्पन्न ८ लाखांच्या आत. रत्नागिरीपर्यंत राहायला जाईन, मुंबईत कुणी नाही."

यावर जाणकार माणूस थेट रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाचं नाव काढेल. तिथे चार वर्षांचा बी.एफ.एससी. आहे. गेल्या वर्षीचा कटऑफ बघायला सांगेल, आणि तिथे नाही लागलं तर जवळच्या कॉलेजात प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. सुचवेल. जुलैत २५ हजारांत काय बसतं, तेही तो तुमच्याबरोबर मोजू शकेल.