थाई ‘क्रेंग जाय’ समजून घेताना या चुका टाळा

नोकरीनिमित्त बँकॉकला गेलेल्या आपल्या लोकांची थाई सहकाऱ्यांबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘हो म्हणतात, पण काम होत नाही.’ बऱ्याचदा त्या ‘हो’मागे आळसही नसतो आणि फसवणूकही नसते. समोरचा माणूस ‘क्रेंग जाय’ पाळत असतो. आपल्यामुळे दुसऱ्याला त्रास होऊ नये, तो अवघडून जाऊ नये, म्हणून स्वतःची अडचण गिळून टाकायची, अशी ही भीड. वरिष्ठांपुढे ती जास्त असते, पण शेजारी, पाहुणे, अगदी हाताखालच्या माणसाबाबतही ती पाळली जाते.

पहिली चूक: ‘खा’, ‘क्राप’ म्हणजे कबुली समजणं

वाक्याच्या शेवटी बायका ‘खा’ आणि पुरुष ‘क्राप’ जोडतात. नुसतं ‘खा’ म्हटलं तर त्याचा अर्थ ‘हो’ असू शकतो, किंवा फक्त ‘ऐकतेय, बोला’ एवढाही असू शकतो. समजा, बुधवारी तुम्ही सगळ्यांसमोर एका कनिष्ठ सहकारी मुलीला विचारलंत, ‘शुक्रवारपर्यंत अहवाल होईल ना?’ ती क्षणभर थांबते, हसते आणि म्हणते, ‘ना चा दाय खा.’ दाय म्हणजे जमेल आणि ‘ना चा’ म्हणजे बहुधा. तुम्ही ‘जमेल’ तेवढं ऐकून निघता. शुक्रवारी संध्याकाळी अर्धाच अहवाल हाती येतो. मग कळतं की दुसऱ्या एका साहेबांनी सोमवारीच तिच्याकडे मोठं काम सोपवलं होतं. त्यांना ‘आधी हे करते’ सांगण्याची तिला भीड, आणि तुम्हाला ‘जमणार नाही’ म्हणण्याचीही.

इथे बिघाड तुमच्या प्रश्नात आहे. ज्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच असू शकतं, असा प्रश्न विचारला की नकाराचा सगळा भार तिच्यावर पडतो. त्याऐवजी तिला एकटीला गाठून विचारा, ‘सध्या हातात काय काय आहे?’ कामांची यादी सांगण्यात कुणाला नकार देणं येत नाही, त्यामुळे ती मोकळेपणाने सांगेल. मग तुम्हीच म्हणा, ‘म्हणजे हे पुढच्या मंगळवारी ठेवूया. त्या साहेबांशी मी बोलतो.’ दोन वरिष्ठांमधला पेच सोडवणं हे वरिष्ठाचंच काम आहे, आणि ते तिच्या गळ्यात घालणं मला अन्यायाचं वाटतं.

‘समजलं का?’ या प्रश्नाचीही तीच गत. नाही म्हणावं तर तुम्ही नीट समजावलं नाही, असा अर्थ निघतो. म्हणून ‘सुरुवात कुठून करशील?’ असं विचारा. घोळ असेल तर तिच्या उत्तरातच दिसेल.

‘माय तोंग क्रेंग जाय’, म्हणजे ‘भीड ठेवू नका’, हे वाक्य नवखे लोक लवकर शिकतात आणि ते एकदा म्हटलं की काम झालं असं समजतात. थाई माणसं स्वतःही ते सतत वापरतात, पण तो सौजन्याचा भाग असतो. कुणी पहिल्यांदा अडचण सांगितली तेव्हा तुम्ही कसे वागलात, यावरच लोक पुढचं ठरवतात. तेव्हा कपाळाला आठी पडली, तर दुसरी अडचण तुमच्यापर्यंत येणारच नाही.

पहिला नकार शेवटचा मानणं

पाऊस कोसळतोय, तुम्ही सहकाऱ्याला गाडीतून सोडायची तयारी दाखवता, आणि तो म्हणतो, ‘माय पेन राय क्राप, क्रेंग जाय.’ राहू द्या, तुम्हाला कशाला त्रास. यात गाडी नको असल्याचं त्याने कुठेच म्हटलेलं नाही. त्याला तुमच्या त्रासाची काळजी आहे, तेव्हा उत्तर त्या काळजीला द्यावं: ‘थांग फान’, वाटेतच आहे. बहुतेक वेळा तो गाडीत बसतो. मात्र त्यावर त्याने ‘बायको न्यायला येतेय’ असं नेमकं कारण दिलं, तर विषय तिथेच सोडावा. तिसऱ्यांदा आग्रह केलात तर तो केवळ तुमचं मन राखायला बसेल, आणि तुमच्या मदतीचंच त्याला ओझं होईल.

आपली बाजू विसरणं

सगळ्यात जास्त सलणारी चूक हीच. क्रेंग जाय दुसऱ्यांनीच पाळायचं, असा समज करून घेऊन आपण रात्री अकराला ‘लाइन’ या मेसेजिंग अ‍ॅपवर कामाचे निरोप पाठवतो, रेल्वेत स्पीकरवर बोलतो, ‘ती नाही म्हणत नाही’ म्हणून तिलाच पुन्हा पुन्हा काम सांगतो. तोंडावर कुणी काही बोलत नाही, पण पाठीमागे ‘माय क्रेंग जाय’, म्हणजे ‘भीडच नाही’, असं म्हटलं जातं, आणि थाईमध्ये हा चांगलाच बोचरा शेरा आहे. रात्री मोठ्याने गाणी लावणाऱ्या शेजाऱ्याला सुनावतानाही हाच शब्द येतो: ‘क्रेंग जाय कान बांग’, जरा एकमेकांचा विचार करा.

काम सांगायचंच असेल तर आधी ‘खो रोपकुआन नोय’, म्हणजे ‘जरा त्रास देतो’, असं म्हणा आणि सवडीची वेळ विचारा. एरवी जपून बोलणारा सहकारी अचानक अगदी थोडक्यात उत्तरं देऊ लागला, निरोप वाचूनही बराच वेळ गप्प राहू लागला, तर नवं काम सांगण्याआधी जुनं किती साचलंय ते पाहा.